ओसाकाची कंपनी चाकणला येते: ब्रँच ऑफिस काढायचं की सबसिडियरी?

आमच्याकडे परदेशी कंपन्यांचं काम येतं तेव्हा पहिल्या कॉलवर हमखास एकच वाक्य ऐकू येतं, "आत्ता फक्त छोटं ब्रँच ऑफिस काढू, कंपनी-बिंपनी नंतर बघू." कारण ब्रँच म्हटलं की एक खोली, दोन टेबलं आणि मीटिंगपुरता चहा असं काहीतरी डोळ्यासमोर येतं. भारतात मात्र ब्रँच ऑफिस हे प्रकरण कंपनी काढण्यापेक्षा हलकं अजिबात नाही, काही बाबतीत उलट जडच आहे. या कामात नवीन असाल, किंवा तुमच्या जपानी-कोरियन बॉसने "जरा माहिती काढ" म्हणून हे तुमच्या गळ्यात घातलं असेल, तर कुठल्या क्रमाने विचार करायचा ते सांगतो.

उदाहरणाला एक कंपनी धरू. ओसाकाची, मालकी एका कुटुंबाची, पॅकेजिंगची मशीनं बनवते. तिची 14 मशीनं चाकण-रांजणगाव पट्ट्यात आधीच चालू आहेत, गिऱ्हाईकं थेट जपानहून मागवतात. आता सर्व्हिसला इथे माणसं पाहिजेत, स्पेअर पार्ट्सचा स्टॉक पाहिजे, आणि दोनतीन वर्षांनी सुप्याला, म्हणजे अहिल्यानगरच्या एमआयडीसीत जो जपानी पट्टा आहे तिथे, सुटे भाग आणून जोडणी करायचा विचार आहे. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, निर्णय तिथेच होणार आहे.

पायरी 1: ऑफिस नक्की काय काम करणार ते कागदावर लिहा

टॅक्स, खर्च, वेळ हे सगळं नंतर, कारण ब्रँच ऑफिस म्हणजे वेगळी कंपनी नव्हे, ओसाकाचीच कंपनी इथे दुकान मांडून बसलीय असं कायदा धरतो, आणि परदेशी कंपनीने इथे काय करावं याची यादी फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखालच्या 2016 च्या नियमांत दिलेली आहे. त्या यादीत मालाची आयात-निर्यात आहे, सल्लागार सेवा आहे, संशोधन आहे, सॉफ्टवेअर आहे, मूळ कंपनीच्या वतीने खरेदी-विक्रीचा एजंट म्हणून काम करणं आहे, आणि मूळ कंपनीने किंवा ग्रुपने पुरवलेल्या मालाला टेक्निकल सपोर्ट देणं आहे. याच्या बाहेरचं काही करता येत नाही.

आपल्या कंपनीला लावून बघा. स्वतःच्या 14 मशीनची सर्व्हिस, चालतं. स्पेअर आयात करून कारखान्यांना होलसेल विकणं, चालतं. किरकोळ विक्री नाही. गिऱ्हाईक म्हणालं "बाजूला ते तैवानी मशीन पण आहे, त्याचंही एएमसी घ्या", तर ते वार्षिक देखभालीचं कंत्राट घेता येणार नाही, कारण सपोर्ट फक्त आपण पुरवलेल्या मालाला. आणि उत्पादन तर नाहीच, थेट नाही आणि आडूनही नाही. अपवाद एसईझेडचा, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राचा, किंवा मग एखाद्या भारतीय कारखानदाराला काम देऊन करून घ्यायचं. सुप्याची जागा साधी एमआयडीसी, एसईझेड नव्हे, त्यामुळे तिथली जोडणी ब्रँचच्या नावावर करता येईल असं मी तरी कुठल्याच क्लायंटला सांगणार नाही, भले कोणी "ही असेंब्ली आहे हो, मॅन्युफॅक्चरिंग कुठेय" असा वाद घालो.

सबसिडियरी म्हणजे कंपनी कायदा 2013 खाली नोंदलेली भारतीय कंपनी, फक्त तिचे शेअर ओसाकाकडे. तिला मशीन बनवायला, होलसेल विकायला, तैवानी मशीनचं एएमसी घ्यायलासुद्धा मोकळीक आहे, कारण या कामांत 100% परदेशी गुंतवणूक ऑटोमॅटिक रूटने येते, आधी परवानगी लागत नाही. (मूळ कंपनी चीनसारख्या सीमेला लागलेल्या देशातली असेल तर सरकारी मंजुरीचा वेगळा अध्याय आहे, जपानला तो नाही.)

लिएझॉन ऑफिसचंही विचारतात म्हणून सांगतो, त्याला एक रुपयाही कमावता येत नाही, नुसता संपर्क. सर्व्हिसचं बिल फाडायचं असेल तर विषय संपला.

पायरी 2: ब्रँचसाठी मूळ कंपनी पात्र आहे का ते आधी तपासा

हे लोक सगळ्यात शेवटी बघतात आणि मग तोंड पडतं. ब्रँचसाठी मूळ कंपनीला आपल्या देशात मागची सलग 5 आर्थिक वर्षं नफा पाहिजे आणि नेट वर्थ निदान 1 लाख डॉलर पाहिजे. नेट वर्थचा प्रश्न सहसा नसतो. पाच वर्षं नफ्याचा असतो, एखाद्या वर्षी थोडा जरी तोटा झाला असेल तर अडकलं. अर्जदार स्वतः दुसऱ्या कंपनीची सबसिडियरी असेल तर तिची मूळ कंपनी निकष पूर्ण करून लेटर ऑफ कम्फर्ट देऊ शकते, पण आपल्या उदाहरणात वरती कंपनीच नाही, कुटुंब आहे, आणि कुटुंबाचं पत्र चालत नाही. सबसिडियरीला अशी कुठलीच अट नाही, तोट्यातली कंपनीसुद्धा काढू शकते.

पात्र असाल तर अर्ज थेट आरबीआयकडे करायचा नसतो, परकीय चलनाचं काम करणारी एक बँक निवडायची, जिला एडी बँक म्हणतात, आणि तिच्याकडे FNC फॉर्म द्यायचा. बरोबर नोंदणीचा दाखला आणि घटनापत्रं इंग्रजीत, 5 वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद, आणि जपानमधल्या त्यांच्या बँकेचा रिपोर्ट. बँक तपासते, आरबीआयकडून युनिक नंबर येतो, मग बँक मंजुरीचं पत्र देते, त्यानंतर 6 महिन्यांच्या आत ऑफिस चालू करायचं, आणि ऑफिस चालू झालं की 30 दिवसांत कंपनी रजिस्ट्रारकडे नोंदणीचा FC-1 फॉर्म. मग पॅन, टॅन, जीएसटी.

सगळ्यात जास्त दिवस त्या जपानी बँकेच्या रिपोर्टला जातात. तिथली बँक म्हणते आमच्याकडे असा काही फॉर्मॅटच नाही, इथली बँक म्हणते आम्हाला याच मुद्द्यांवर पाहिजे, आणि आपण मध्ये. त्यावर उपाय एकच, इथल्या बँकेकडून हवा तो मसुदा ईमेलवर घ्यायचा आणि पहिल्याच दिवशी ओसाकाला पाठवायचा, बाकीचे कागद जमेपर्यंत थांबायचं नाही.

पायरी 3: सबसिडियरी काढायची तर हा क्रम

प्रायव्हेट लिमिटेडला दोन शेअरहोल्डर लागतात, 100% मालकी असली तरी. म्हणून ओसाकाची कंपनी एक सोडून सगळे शेअर घेते आणि तो एक शेअर कुणातरी माणसाच्या नावावर नॉमिनी म्हणून राहतो. त्या एका शेअरचा खरा मालक कोण हे कंपनी स्थापन झाल्यावर MGT-4, MGT-5, MGT-6 ने जाहीर करायचं असतं. हे तीन कागद विसरले जातात आणि पाच वर्षांनी कंपनी विकायच्या वेळी ड्यू डिलिजन्सवाला नेमका त्यावर बोट ठेवतो.

डायरेक्टर दोन, त्यातला एक आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात राहिलेला पाहिजे. नागरिकत्व भारतीयच हवं असं काही नाही, इथे राहणारा जपानी मॅनेजरही चालतो, फक्त नुकताच आला असेल तर दिवस मोजा. बहुतेक जण सुरुवातीला ओळखीच्या सीएला किंवा सल्लागाराला बसवतात. बसवा, पण बँकेत एकट्याच्या सहीचा अधिकार त्याला देऊ नका. हे मी स्वतः अशा खुर्चीत बसून सांगतोय.

मग डिजिटल सह्या, नावाचं आरक्षण, आणि कंपनी नोंदणीचा SPICe+ फॉर्म, यातच डायरेक्टरचा ओळख क्रमांक म्हणजे डीआयएन, पॅन, टॅन, बँक खात्याची विनंती सगळं येतं. नावात मूळ कंपनीचं नाव वापरायचं तर तिच्या बोर्डाचा ठराव जोडायचा. जपानी कागद तिकडे नोटरी आणि अपोस्टिल करून यायला हवेत, ओसाकाला हे नोटरीकडेच एका फेरीत होतं, त्यामुळे ती कटकट वाटते तेवढी नाही. कटकट स्पेलिंगची. पासपोर्टवर नाव एक, लायसन्सच्या इंग्रजी भाषांतरात "ओ" च्या जागी "ओयू", आणि फॉर्म परत. भाषांतर करणाऱ्याला पासपोर्टची कॉपी आधीच द्या आणि नाव त्यातलंच घे असं सांगा. इथल्या ऑफिसच्या पत्त्यासाठी लाइट बिल दोन महिन्यांच्या आतलं लागतं, तिकडचे कागद उशिरा आले की इथलं बिल शिळं होतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी घ्या.

पायरी 4: पैसे आणणं, इथे खरी गंमत आहे

कंपनी झाली, खातं उघडलं, आता भांडवल. धरा 1 कोटी, म्हणजे 10 रुपयांचे 10 लाख शेअर. एका क्लायंटच्या बाबतीत असं झालं की तिकडून बरोब्बर 1 कोटीच्या हिशोबाने पैसे पाठवले, मधल्या बँकेने आपलं शुल्क कापलं आणि इथे दोन-अडीच हजार रुपये कमी पोचले. म्हणजे शेअरचे पूर्ण पैसे आलेच नाहीत! आता दोन-अडीच हजार रुपये पाठवायला जपानमध्ये काय लागतं, तर तोच अर्ज, त्याच चार टेबलांवरून फिरलेला, तेच शिक्के. तीन आठवडे गेले आमचे, आणि वर दुसऱ्या रकमेची बँकेकडून पुन्हा वेगळी केवायसी. म्हणून पाठवणाऱ्याला सांगायचं की शुल्क पाठवणारा भरेल असा पर्याय निवड (स्विफ्टच्या फॉर्मवर तिथे OUR लिहिलेलं असतं), आणि कारण लिहिताना "खर्चासाठी अॅडव्हान्स" वगैरे न लिहिता इक्विटी शेअरमधली गुंतवणूक असंच लिही. कारण चुकीचं पडलं की ते पैसे भांडवल म्हणून दाखवायला बँकेची मनधरणी करत बसावं लागतं.

पैसे आले, शेअर दिले, की 30 दिवसांच्या आत आरबीआयच्या FIRMS पोर्टलवर शेअर दिल्याची माहिती देणारा FC-GPR फॉर्म भरायचा. मेमोरँडमवरच्या पहिल्या शेअर्सना हे 30 दिवस कुठून मोजायचे यावर बँकाबँकांत फरक पडतो, म्हणून पैसे जमा झाले त्याच आठवड्यात बँकेकडे केवायसी आणि रेमिटन्सचा दाखला मागा, वाद घालायला वेळच ठेवू नका. उशीर झाला तर लेट फी अशी निघते:

```
7500 + (0.025% × A × n)
```

A म्हणजे रक्कम, n म्हणजे उशिराची वर्षं. 1 कोटी आणि एक वर्ष उशीर असेल तर 7500 अधिक 2500, म्हणजे 10,000 रुपये. दंड किरकोळ आहे, पण पुढचं भांडवल आणायचं किंवा शेअर विकायचे तेव्हा हाच राहिलेला फॉर्म दारात आडवा येतो. याशिवाय धंदा सुरू करण्याचं डिक्लरेशन, INC-20A, 180 दिवसांच्या आत, आणि ते केल्याशिवाय बिलं फाडायची नाहीत.

पायरी 5: टॅक्सचं गणित एकदा पूर्ण करून बघा

"ब्रँचचा नफा पाठवताना वर वेगळा टॅक्स नाही, सबसिडियरीला मात्र डिव्हिडंडवर आहे, म्हणून ब्रँच स्वस्त" असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. पहिले दोन मुद्दे खरे, निष्कर्ष चुकीचा. 80 लाख नफा धरून करू.

ब्रँच म्हणजे परदेशी कंपनी, दर 35% (2024 च्या बजेटपर्यंत 40% होता), त्यावर 4% सेस, म्हणजे 36.4%. टॅक्स 29.12 लाख, उरले 50.88 लाख, ते सगळे ओसाकाला जाऊ शकतात. नफा 1 कोटीच्या वर गेला की सरचार्जही लागतो.

सबसिडियरीने 22% वाली सवलतीची योजना घेतली तर सरचार्ज-सेस धरून 25.168%. टॅक्स 20.13 लाख, उरले 59.87 लाख. सगळा डिव्हिडंड काढला तर भारत-जपान करारानुसार 10% कापायचे, म्हणजे 5.99 लाख, आणि ओसाकाला पोचले 53.88 लाख. म्हणजे सगळे पैसे बाहेर नेऊनही सबसिडियरी 3 लाखांनी पुढे. आणि आपली कंपनी तर सुप्याला शेड बांधायला पैसे इथेच ठेवणार, म्हणजे तिच्या हातात 59.87 लाख विरुद्ध 50.88 लाख, जवळजवळ 9 लाखांचा फरक, दरवर्षी.

ब्रँचच्या हिशोबात आणखी एक टोचणी. ओसाकाच्या हेड ऑफिसचा सर्वसाधारण खर्च, म्हणजे तिकडच्या अकाउंट्सचा, मॅनेजमेंटचा वाटा, ब्रँचला घालायचा तर त्याला मर्यादा आहे, ब्रँचच्या ठरावीक पद्धतीने काढलेल्या उत्पन्नाच्या 5% पर्यंतच. आणि ब्रँच इथे आहे म्हटल्यावर ओसाकाहून थेट विकलेल्या मशीनच्या नफ्यातही ब्रँचच्या माणसांचा हात होता का, हे इन्कम टॅक्सवाला विचारू शकतो. सर्व्हिस इंजिनिअरच गिऱ्हाइकाशी भाव ठरवतोय असे ईमेल निघाले की अवघड होतं. सबसिडियरी असली म्हणून हा प्रश्न आपोआप सुटत नाही, तिची माणसं मूळ कंपनीच्या वतीने करार करायला लागली तर तिथेही येतो, पण नुसती सबसिडियरी असणं हे कारण पुरत नाही, ब्रँचला मात्र पुरतं.

ब्रँचच्या बाजूने एक प्रामाणिक मुद्दा आहे, तोट्याचा. पहिली दोन वर्षं नुसता खर्चच असेल तर ब्रँचचा तोटा ओसाकाच्या नफ्यातून तिकडे वजा होतो, कारण कंपनी एकच. सबसिडियरीचा तोटा इथेच अडकून पुढे ओढला जातो. काम मुळातच छोटं आणि खर्चाचं असेल तर याला वजन आहे, आणि मी अशांना ब्रँच सुचवलेलीही आहे.

पायरी 6: जीएसटीतला हा कोपरा विसरू नका

समजा इथले दोन इंजिनिअर ओसाकासाठी ड्रॉइंग काढून देणार आणि त्याचं बिल येनमध्ये ओसाकाला. सबसिडियरीने केलं तर ती सेवेची निर्यात, जीएसटी शून्य, भरलेल्या जीएसटीचा रिफंड मागता येतो, 2021 च्या सर्क्युलरमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. ब्रँचने तेच काम केलं तर ती निर्यात धरली जात नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने ब्रँच आणि हेड ऑफिस ही एकाच माणसाची दोन ठिकाणं, आणि निर्यातीची शेवटची अट तिथेच फसते. परकीय चलन आलं, रिसीट आहे, तरी रिफंड नाही. डिझाइन किंवा सॉफ्टवेअरचं काम असणाऱ्यांनी फक्त या एका मुद्द्यासाठी ब्रँच सोडलेली मी पाहिली आहे.

दरवर्षीचं ओझं आणि बंद करताना

सबसिडियरीला ऑडिट, रजिस्ट्रारकडे ताळेबंदाचा AOC-4 आणि वार्षिक रिटर्नचा MGT-7, परदेशी देणी-मालमत्तेचा आरबीआयचा FLA रिटर्न 15 जुलैपर्यंत, आणि ओसाकाशी होणारे व्यवहार बाजारभावाने झाले हे दाखवणारं ट्रान्सफर प्रायसिंग. भरपूर आहे, पण कुठल्याही सीएच्या रोजच्या सवयीचं.

ब्रँचला सीएचं अॅन्युअल अॅक्टिव्हिटी सर्टिफिकेट 30 सप्टेंबरपर्यंत एडी बँकेला, रजिस्ट्रारकडे वार्षिक रिटर्नचा FC-4, आणि हिशोबांचा FC-3. या FC-3 वर थांबा, कारण यात नुसते ब्रँचचे हिशोब नसतात, परदेशी कंपनीचे स्वतःचे, अख्ख्या धंद्याचे हिशोब इंग्रजीत द्यावे लागतात, आणि रजिस्ट्रारकडे गेलेली गोष्ट फी भरून कोणालाही बघता येते. ओसाकाच्या आजोबांनी, ज्यांनी आजवर जावयालाही ताळेबंद दाखवला नसेल, हे ऐकून कॉलवर बराच वेळ काही न बोलणं मी अनुभवलेलं आहे.

जबाबदारीचं थोडक्यात, मशीनमुळे कारखान्यात अपघात झाला आणि दावा ब्रँचवर लागला तर तो ओसाकाच्या कंपनीवरच लागला, मध्ये भिंत नाही. सबसिडियरीत भिंत आहे, फक्त जागामालक किंवा बँकेने पॅरेंट गॅरंटी मागितली तर त्या करारापुरती आपण स्वतःच तिला भगदाड पाडतो.

आणि "आधी ब्रँच, मग कंपनीत बदलू" याचं काय, तर बदलू असं बटणच नाही. ब्रँचचं रूपांतर होत नाही, नवीन कंपनी काढावी लागते, धंदा, स्टॉक, माणसं, करार तिच्याकडे विकावे लागतात, त्यावर कॅपिटल गेनचा प्रश्न येतो. (परदेशी बँकांना ब्रँचमधून सबसिडियरीत जायला इन्कम टॅक्सच्या कायद्यात खास सवलत आहे, डीबीएसने 2019 मध्ये तसं केलं, पण ती बँकांपुरती.) जीएसटी नंबर नवा, गिऱ्हाइकांकडे व्हेंडर कोड नवा, आणि मोठ्या कारखान्यात नवा व्हेंडर कोड मिळवणं म्हणजे काय ते चाकणमध्ये ज्याने केलंय त्याला विचारा. वर जुनी ब्रँच बंद करायला ऑडिटरचं सर्टिफिकेट, कोर्टात काही चालू नसल्याचं लेखी, सगळे राहिलेले रिटर्न, आणि मगच बँक उरलेले पैसे बाहेर सोडते.

म्हणून या कंपनीला मी पहिल्याच दिवशी सबसिडियरी सांगितली असती, 1 कोटी भांडवल, दोन इंजिनिअर, भोसरीत भाड्याचा गाळा, आणि मेमोरँडमच्या उद्देशांत जोडणी आणि उत्पादन आत्ताच लिहून ठेवलेलं. सुप्याचा प्लॉट मिळाला की त्याच कंपनीच्या लेटरहेडवर एमआयडीसीला अर्ज.